नारळाच्या दुधातला केक: फॅटचा हिशोब कुठे चुकतो

“केकचा ओलावा येतो तो लोण्यातून आणि दुधातून. डेअरी-फ्री केक दुसऱ्या दिवशी भुसा होणारच. करायचाच असेल तर दुधाच्या जागी तेवढंच नारळाचं दूध आणि लोण्याच्या जागी तेवढंच तेल घाला. तरी कोरडा झाला तर पुढच्या वेळी तेल वाढवा. आणि उरलेला केक फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे ओलसर राहतो.”

डेअरी-फ्री केकबद्दल असा सल्ला नेहमी ऐकायला मिळतो, पण त्यात बरंच चुकतं. आधी लोण्याचं बघू. लोण्यात साधारण ८० टक्के फॅट असतं, उरलेलं बहुतेक पाणी. साखरेबरोबर फेसलं की ते हवा धरून ठेवतं, आणि त्याची चव दुसऱ्या कशाला येत नाही, हे मान्यच. पाउंड केकसारखा, निव्वळ लोण्याच्या चवीवर उभा असलेला केक तेलात करू नये. पण केक गार झाला की लोणी पुन्हा आळतं, आणि त्यामुळे घास घट्ट लागतो. सूर्यफुलाचं किंवा शेंगदाण्याचं रिफाइंड तेल पातळच राहतं, म्हणून तेलातला केक दुसऱ्या दिवशीही मऊ लागतो. दूध, लोणी, अंडं यांतलं काहीच नसलेला ‘वॅकी केक’ अमेरिकेत गेल्या शतकात, टंचाईच्या दिवसांत घरोघरी होत असे. तेल, पाणी आणि व्हिनेगर एवढ्यावर तो मऊ होतो.

खरी गोची आहे ती ‘तेवढंच’ या शब्दात. गाईच्या दुधात फॅट ३ ते ४ टक्के, पाकिटातल्या नारळाच्या दुधात बहुधा १७ ते २२ टक्के. घरी काढलेला पहिला दाट रस याहूनही जड असू शकतो. म्हणजे २०० मिली दुधाऐवजी २०० मिली नारळाचं दूध घातलं की नकळत ३० ग्रॅमच्या आसपास जास्तीचं फॅट येतं आणि पाणी कमी पडतं. शिवाय लोण्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं तेल घेतलं तर तिथेही फॅट वाढतं, कारण तेल १०० टक्के फॅट. असा केक तळाशी तेलकट आणि वर कोरडा होतो. मैद्यातल्या स्टार्चला फुगायला पाणी लागतं. ते काम तेल करू शकत नाही.

सात इंची गोल टिनसाठी, अंड्याशिवायचं एक प्रमाण घेऊ. मैदा १८० ग्रॅम, साखर १७० ग्रॅम, नारळाचं दूध २०० मिली, पाणी ६० मिली, तेल २ मोठे चमचे, व्हिनेगर १ मोठा चमचा, बेकिंग पावडर सव्वा छोटा चमचा, सोडा पाव छोटा चमचा, चिमूटभर मीठ, व्हॅनिला. दुधात २० टक्के फॅट धरलं तर त्यातून ४० ग्रॅम आणि तेलातून जवळपास ३० ग्रॅम, असं मिळून ७० ग्रॅम फॅट होतं. एवढ्या मैद्याला हे पुरेसं आहे. पाकिटावर फॅट १० टक्केच लिहिलं असेल तर पाणी २० मिलीने कमी करा आणि तेल साडेतीन मोठे चमचे घ्या. घरचा दाट रस असेल तर उलट करा: १५० मिली रस, ११० मिली पाणी. पाणी घालायला जीव होत नसेल तर दुसऱ्यांदा काढलेला पातळ रस घाला.

नारळाचं दूध फ्रिजमधून काढून थेट वापरू नका. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, त्यामुळे गार पाकिटात वर पांढरा गोळा आणि खाली पाणी असं वेगळं होतं. पाकीट फ्रिजबाहेर असेल तर मुंबईत हे फारसं जाणवणार नाही. पुण्याच्या डिसेंबरात किंवा लंडनच्या स्वयंपाकघरात नक्की जाणवेल. दूध कोमट करा, त्यात पाणी, तेल, साखर, व्हिनेगर, व्हॅनिला घालून वर तेलाचे थेंब तरंगायचे थांबेपर्यंत फेटा. मग बाकीचं कोरडं साहित्य एकत्र चाळून दोन वेळा घाला आणि कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबा. बारीक गुठळ्या राहिल्या तर चालतील. इथे पाण्याचा अंश बराच असल्यामुळे जास्त घोटलं की ग्लुटेन तयार होतं. कापल्यावर उभी लांबट भोकं दिसतात आणि केक चिवट लागतो. मिश्रण लगेच गरम ओव्हनमध्ये, १७० अंशांवर, ३५ ते ४० मिनिटं.

आता कोरडेपणा. तेल वाढवण्याआधी तुकडा नीट बघावा. कडा कडक, केक टिनपासून बराच सुटलेला आणि मधला भाग मात्र ठीक असेल, तर तो जास्त भाजला गेला आहे. डेअरी-फ्री केकमध्ये हे फार होतं आणि कारण साधं आहे: दुधातली लॅक्टोज आणि प्रथिनं केकला तपकिरी रंग देतात, ती इथे नसतात. केक शिजलेला असतो, पण फिका दिसतो म्हणून आपण आणखी दहा मिनिटं ठेवतो, आणि तिथे तो मरतो. ३२व्या मिनिटापासून सळई घालून बघा, दोन-चार ओलसर कण चिकटून आले की बाहेर. रंग हवाच असेल तर ६० मिली पाण्याऐवजी बिनसाखरेचं सोया दूध घाला, किंवा ३० ग्रॅम साखरेच्या जागी किसलेला गूळ घ्या. गूळ ओलावाही धरतो. बदामाच्या विकतच्या दुधात प्रथिनं अगदी थोडी असतात, त्याने रंगाला फारशी मदत होत नाही.

केक सगळीकडून सारखाच भुसभुशीत असेल तर बहुधा मैदा जास्त पडला. चमच्याने हलका भरलेला कप १२० ग्रॅमचा, डब्यात खुपसून दाबून भरलेला १५० ग्रॅमपर्यंत जातो. दीड कपात ४५ ग्रॅमचा फरक कुठलंही तेल भरून काढणार नाही. आणि तळाशी ओलसर, गच्च पट्टा आला असेल तर त्यावर टिश्यू दाबा. तेलाचा डाग उमटला तर फॅट जास्त झालं किंवा मिश्रण फुटलं. डाग नाही, नुसता चिकटपणा, तर केक कच्चा राहिला.

फ्रिजबाबत तर अगदी उलट आहे. शिजलेलं स्टार्च फ्रिजच्या थंडीत खोलीतल्यापेक्षा लवकर कडक होतं, आणि नारळाचं फॅट तिथे गोठतं. पूर्ण गार झालेला केक घट्ट झाकून बाहेर ठेवा. कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत एक दिवस, कोरड्या थंडीत दोन. त्यापुढचा तुकडे गुंडाळून फ्रीझरमध्ये. फ्रिजमध्ये गेलाच असेल तर खायच्या आधी तुकडा मायक्रोवेव्हमध्ये १०-१५ सेकंद गरम करा, फॅट वितळून तो पुन्हा मऊ लागतो.

घरात कुणाला दुधाची ॲलर्जी असेल तर नारळाच्या दुधाची पावडर घेताना घटकांची यादी वाचा. अनेक पावडरींमध्ये सोडियम केसिनेट असतं, आणि ते दुधातलंच प्रथिन आहे.