नाव तेच, पत्ता जुना

परवा माझ्या हातून एक चूक झाली. ज्यांच्या बाबतीत झाली त्या आप्पांची परवानगी घेऊनच इथे लिहितोय.

मी जळगावात हिशेबाची आणि टॅक्सची कामं करतो. आप्पा रावेर भागातले केळीचे व्यापारी, माल उत्तरेकडे पाठवतात. त्यांच्या बँकेच्या कॅश क्रेडिटचं नूतनीकरण होतं. त्यासाठी येणेबाकीची यादी लागते, म्हणजे कोणत्या व्यापाऱ्याकडे किती रक्कम अडकली आहे आणि किती दिवसांपासून. ती यादी मी तयार केली आणि बँकेत देण्याआधी एकदा नजरेखालून घालावी म्हणून आप्पांना मेल केली. पत्त्याच्या रकान्यात पेढीच्या नावाची पहिली तीन अक्षरं टाकली, खाली नाव आलं, एंटर दाबलं आणि पाठवून मोकळा झालो.

मेल गेला त्यांच्या जुन्या मुनीमजींना. आठ महिन्यांपूर्वी ते आप्पांकडचं काम सोडून त्याच धंद्यातल्या दुसऱ्या व्यापाऱ्याकडे गेले आहेत.

संध्याकाळी त्यांचाच फोन आला. "भाऊ, आप्पांचा कागद माझ्याकडं आला. मी फाइल उघडली नाही, मेल काढून टाकतो." माणूस सरळ, म्हणून निभावलं. पण ती यादी दुसऱ्या व्यापाऱ्यासाठी सोन्यासारखी आहे. आप्पांचा पैसा कुणाकडे थकलाय, कोण वेळेवर देतो, सगळं एका पानावर!

असं का झालं ते नंतर शांतपणे तपासलं. पूर्वी पेढीचा सगळा पत्रव्यवहार मुनीमजी स्वतःच्या जीमेलवरून करायचे आणि त्या खात्याला नाव पेढीचंच दिलेलं होतं. ते गेल्यावर आप्पांनी नवा आयडी काढला, त्यालाही पेढीचंच नाव. त्यामुळे माझ्याकडे एकाच नावाच्या दोन ओळी येत होत्या, आणि अनेक वर्षांच्या मेलमुळे जुनी ओळ वर. एंटर दाबलं की वरचीच ओळ उचलली जाते. निवडल्यावर रकान्यात फक्त नाव दिसतं. खरा पत्ता बघायचा तर संगणकावर त्या नावावर माउस न्यावा लागतो, मोबाइलवर नावाला बोट लावावं लागतं. मी दोन्ही केलं नाही.

जीमेलमध्ये ही जुनी नावं कुठे साठतात, हे कित्येकांना माहीत नसतं. आपण ज्याला मेल पाठवतो त्याचा पत्ता आपोआप `Other contacts` मध्ये जातो. `contacts.google.com` उघडा, डाव्या बाजूला `Other contacts` दिसेल, तिथे तो पत्ता शोधून डिलीट करा. तोच पत्ता आपण स्वतः मुख्य `Contacts` मध्ये सेव्ह केलेला असेल, तर तिथूनही काढावा लागतो, नाहीतर तो पुन्हा सुचवला जातो. मग नवा मेल उघडून तीच तीन अक्षरं टाकून बघा. ऑफिसात कुणी डेस्कटॉपवरचं आउटलुक वापरत असेल तर त्याची यादी वेगळी असते. तिथे सुचवलेल्या नावाशेजारच्या फुलीवर क्लिक केलं की ते एक नाव जातं.

जीमेलच्या सेटिंगमध्ये `Create contacts for auto-complete` समोर `I'll add contacts myself` निवडलं की पुढे नवे पत्ते साठत नाहीत. मी ते अजून निवडलेलं नाही. सीझनमध्ये दिवसाला कितीतरी नव्या लोकांना मेल जातात, प्रत्येक पत्ता हाताने टाकताना एखादं अक्षर चुकलं तरी कागद परक्याकडे जाऊ शकतो. माझ्या मते पत्ता काढायची खरी वेळ म्हणजे माणूस काम सोडतो तो दिवस. आपण त्याचा हिशेब चुकता करतो, किल्ल्या परत घेतो. मेलमधला पत्ता मात्र तसाच राहतो.

एका ठिकाणी मात्र ही साफसफाई उपयोगी पडत नाही. जुन्या मेललाच `Reply all` केलं, तर त्यात आधीपासून असलेला पत्ता तसाच येतो. म्हणून अशी यादी आता मी जुन्या मेलवर उत्तर म्हणून पाठवत नाही, नवा मेल काढतो. `Undo Send` ची मुदतही पाच सेकंदांवरून तीसवर नेली आहे. तीस ही कमाल, त्यानंतर गेलेला मेल परत बोलावता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पांकडे जाऊन सगळं समोर सांगितलं. रागावले, आणि त्यांचा राग रास्त होता. मग चहा सांगितला आणि म्हणाले, "आता माझ्यासमोर नाव टाकून दाखव." मी तीन अक्षरं टाकली. एकच ओळ आली. त्यांनी चष्मा लावला आणि तो पत्ता एकेक अक्षर बोट ठेवून वाचला.