यंत्र खरं असलं तरी ट्रेनिंग ‘ऑफ-द-जॉब’ असू शकतं

“ट्रेनिंगच्या प्रश्नांसाठी एवढंच पाठ करा. खऱ्या यंत्रावर हात चालवून शिकवलं की ऑन-द-जॉब, वर्गात बसवून शिकवलं की ऑफ-द-जॉब. आणि शेवटच्या चाचणीत गुण वाढले की ट्रेनिंग परिणामकारक. बाकी सगळं आपोआप सुटतं.”

परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना हा सल्ला सर्रास दिला जातो. मी बरीच वर्षं मनुष्यबळ व्यवस्थापन हा विषय शिकवते आहे. नेमक्या याच ओळींमुळे हुशार मुलांचे हमखास येणारे गुण जाताना पाहिलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी यंत्राचं बघू. व्हेस्टिब्यूल ट्रेनिंग कामाच्या जागेपासून वेगळ्या खोलीत होतं. तिथे कामावर असतं तसंच यंत्र असतं, तोच कच्चा माल असतो, हातही चालतात. तरीही ते ऑफ-द-जॉब. व्हेस्टिब्यूल म्हणजे देवडी, घरात शिरण्याआधीची जागा. इथे शिकणारा अजून घरात शिरलेलाच नसतो. त्याने बिघडवलेला माल ग्राहकाकडे जात नाही, त्याच्यामुळे लाइन थांबत नाही, त्या दिवसाच्या उत्पादनात त्याचं काम मोजलं जात नाही. म्हणून प्रश्न वाचताना ‘यंत्र खरं आहे का?’ असं विचारू नका. ‘शिकताना झालेलं काम खऱ्या कामात धरलं जातं का?’ असं विचारा.

हीच कसोटी उलट बाजूनेही लागू पडते. कमिटीत नेमणूक झालेला तरुण अधिकारी टेबलाशी बसून चर्चाच करत असतो, यंत्राला हातही लावत नाही. पण कमिटीचा निर्णय खरा असतो, म्हणून ही पद्धत ऑन-द-जॉब. इन-बास्केट नावाच्या पद्धतीतही शिकणारा टेबलाशी बसून पत्रं, मेमो, तक्रारी निकालात काढतो. पण ते कागद सरावासाठी तयार केलेले असतात, म्हणून ती ऑफ-द-जॉब. अप्रेंटिसशिपमध्ये वर्ग आणि काम दोन्ही असतात; पर्याय दोनच असतील तर बहुतेक पुस्तकं तिला ऑन-द-जॉबमध्ये टाकतात.

आता गुणांचं. माझा खरा आक्षेप इथे आहे.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या: प्रतिक्रिया, शिकणं, वर्तन, परिणाम. चाचणीतले गुण ही दुसरी पायरी. त्यापुढे दोन उरतात, आणि प्रश्न काढणारे नेमके तिथेच पकडतात.

समजा, पॅकिंग विभागातल्या 20 जणांना लेबल तपासण्याची नवी पद्धत शिकवली. चाचणीची सरासरी 52 वरून 81 वर गेली. म्हणजे ते शिकले, यात वाद नाही. (नुसते नंतरचे 81 हाती असते तर तेवढंही म्हणता आलं नसतं, कदाचित त्यांना आधीपासूनच येत असेल.) महिन्याभराने जागेवर जाऊन पाहिलं, तर पद्धत वापरत होते फक्त 6 जण. बाकीच्यांना विचारलं तर म्हणाले, “येतं सगळं, पण सुपरवायझर तासाला किती पाकिटं झाली तेवढंच विचारतो.” दुसरी पायरी पार, तिसरी अडली. इथे तोच कोर्स पुन्हा घेऊन काहीही होणार नाही, कारण अडचण शिकण्यात नाही, कामाच्या जागी आहे.

समजा, सुपरवायझरशी बोलून ते सुधारलं, आणि हजार पाकिटांमागे 40 असलेल्या चुका 25 वर आल्या. म्हणजे ट्रेनिंगमुळे 15 चुका कमी झाल्या? थांबा. ट्रेनिंग न मिळालेल्या दुसऱ्या पाळीचे आकडेही बघा: तिथे त्याच काळात 38 वरून 26. म्हणजे ट्रेनिंगशिवायही 12 कमी झाल्या. मधल्या काळात लेबलचा छापा मोठा केला होता. ट्रेनिंगच्या खात्यात फार तर 15 वजा 12, म्हणजे 3 चुका जमा करता येतील. इतक्या लहान गटात तो फरक योगायोगाचाही असू शकतो. ‘कंट्रोल ग्रुपसह आधीची आणि नंतरची मोजणी’ हा पर्याय बहुधा बरोबर का ठरतो, ते या एका वजाबाकीत दिसतं.

म्हणून मूल्यमापनाच्या प्रश्नात क्रियापदावर बोट ठेवा. कोर्स ‘आवडला’ असेल तर प्रतिक्रिया, ‘समजलं’ किंवा ‘करून दाखवलं’ असेल तर शिकणं, कामावर ‘वापरतात’ असेल तर वर्तन, आणि चुका, तक्रारी, खर्च ‘कमी झाला’ असेल तर परिणाम. ‘करून दाखवलं’ इथे सर्वाधिक मुलं फसतात: हात चालले की त्यांना ते वर्तन वाटतं. ट्रेनिंगच्या खोलीत, ट्रेनरच्या समोर करून दाखवलेलं कौशल्य दुसऱ्याच पायरीवर असतं. तिसरी सुरू होते ती माणूस आपल्या जागेवर परत गेल्यावर, म्हणून ती मोजायला मध्ये काही आठवडे जावे लागतात. कोर्सच्या शेवटच्या दिवशी ‘वर्तन मोजलं’ असं पर्यायात लिहिलेलं दिसलं, तर तो पर्याय तिथेच खोडा.