खुलासा: 1−U ची जोडी प्रत्येक वेळी उपयोगी पडत नाही

“प्रत्येक U सोबत 1−U घ्या, कुठल्याही सिम्युलेशनचा व्हेरियन्स कमी होतोच.”

हे माझ्याच पोस्टमधलं वाक्य फिरतंय आणि ते चुकीचं आहे. इथे U म्हणजे 0 ते 1 मधला यादृच्छिक आकडा, आणि व्हेरियन्स म्हणजे उत्तर किती विखुरतं त्याचं माप. मी फक्त eˣ चं 0 ते 1 संकलन तपासलं होतं. तिथे दोन स्वतंत्र नमुन्यांच्या सरासरीचा व्हेरियन्स 0.121 येतो, जोडीचा जेमतेम 0.0039. कारण eˣ सतत वाढतं: एक किंमत मोठी आली की जोडीदाराची लहान येते आणि चुका एकमेकींना खातात.

आता (x−½)² घ्या. U आणि 1−U दोन्हींना तीच किंमत मिळते, म्हणजे दुसरा नमुना वायाच. व्हेरियन्स 1/360 ऐवजी 1/180, चक्क दुप्पट! फलन एकदिश, म्हणजे सतत वाढणारं किंवा सतत घटणारं, नसेल तर आधी थोड्या जोड्या काढून जोडीतल्या दोन किमतींचं सहविचरण ऋण येतंय का, म्हणजे एक वाढली की दुसरी घटते का, ते बघा.

जुनी पोस्ट कृपया पुढे पाठवू नका.