गोळ्यांच्या तारखांबद्दल आलेल्या रिव्ह्यूला उत्तर

"बाबांच्या गोळ्यांच्या पाकिटावर तारखा चुकीच्या लिहिल्या. कोर्स संपला तरी 4 गोळ्या उरल्या, म्हणजे जास्तीच्या गळ्यात मारल्या. दांडिया बाजारातल्या या मेडिकलमध्ये जाऊ नका."

नमस्कार भाऊ, तुम्हाला आणि बाबांना त्रास झाला त्याबद्दल मनापासून माफी मागतो. पण गळ्यात मारल्या हे वाचून रात्रभर झोप नाही लागली, म्हणून सांगतो.

डॉक्टरांनी लिहिलं होतं पहिले 5 दिवस 40 एमजी, मग दर तीन दिवसांनी 10 कमी, आणि बंद. गोळी 10 एमजीची, म्हणजे 5 दिवस रोज 4 अशा 20, मग तीन दिवस 3 च्या 9, तीन दिवस 2 च्या 6 आणि शेवटचे तीन दिवस एकेक अशा 3, एकूण 38. मी तीन पत्ते पूर्ण दिले आणि चौथा कापून 8 दिल्या, कापलेल्या पत्त्यातल्या 2 माझ्याकडेच पडून आहेत. पाकिटावर लिहिलं 4 ते 8 चार गोळ्या, 9 ते 11 तीन, 12 ते 14 दोन, 15 ते 17 एक, 18 पासून बंद. 9 ते 12 आणि 12 ते 15 असं लिहिलं असतं तर 12 तारीख दोनदा आली असती, ती चूक मी केलेली नाही, परत परत मोजलं.

तुम्ही 4 तारखेला रात्री नऊला आलात, मी विचारलं आजच सुरू करणार का, तुम्ही फोनवर बोलता बोलता हो म्हणालात. पण बाबांनी पहिला डोस 5 ला सकाळी घेतला आणि पुढे पाकिटावरच्या तारखा धरल्या, म्हणजे 40 एमजी चारच दिवस गेलं आणि 9 ला डोस उतरला. उरलेल्या 4 गोळ्या त्याच एका दिवसाच्या आहेत भाऊ, मधल्या टप्प्यातला दिवस गेला असता तर 3 किंवा 2 उरल्या असत्या. सुरुवात एक दिवस उशिरा झाली की खालच्या सगळ्या तारखा एकेक दिवस पुढे सरकवायच्या असतात. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं, आणि ही गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्यायची असते, रात्री घेतली तर झोप उडते, तेव्हा मी 5 पासूनच लिहायला हवं होतं, ही माझी चूक मान्य. पण 22 वर्षं दुकान चालवतोय, एक गोळी कुणाला जास्त दिली नाही, आणि त्या दिवशी काउंटरवर आवाज तुमचा चढला होता, माझा नाही.

आता पाकिटावर "दिवस 1 ते 5" असं लिहून तारखेची जागा कोरी ठेवतोय, पहिली गोळी घेतली की घरच्यांनी भरायची, बाकीचंही बघतो काय करता येईल ते. आणि त्या 4 गोळ्या आता मागून बाबांना देऊ नका, डॉक्टरांना फोन करून एक दिवस कमी गेला एवढं सांगा, धाप परत लागतेय का तेही सांगा. पाकीट घेऊन दुकानात या, समोर बसून मोजू.