चौदा तारखेची रात्र

काल रात्री भाऊजींनी फॅमिली ग्रुपवर जाहीर केलं, "हिचा कागद येईपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं." खाली ताईने हसण्याचा इमोजी टाकला. सख्ख्या बहिणीने!

कागद म्हणजे आमच्या ऑक्टोबरातल्या व्हिएन्ना-बुडापेस्ट सहलीचं दिवसवार वेळापत्रक. विमानाची तिकिटं आणि व्हिएन्नाचं हॉटेल भाऊजींनी काढलेलं, रेल्वेची तिकिटं भाचीने, बुडापेस्टचं हॉटेल मी. कन्फर्मेशन्स माझ्याकडे आली ती कुणाची मेलवर, कुणाची स्क्रीनशॉटमधून, आणि भाऊजींची तर एका फोनच्या स्क्रीनचा दुसऱ्या फोनने काढलेला फोटो म्हणून. त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बरोबर तारखेवर पडलेलं. "तू मोकळीच असतेस, जरा एका कागदावर आणून टाक," असा आदेश होता. मी मोकळी नसते. पण ते जाऊ दे.

आधी या मेलांबद्दल बोलू. मेल उघडला की वर समुद्रकिनाऱ्याचा फोटो. आपण चाललोय व्हिएन्नाला, तिथे समुद्र नाही, पण फोटो समुद्राचा. मग "तुमची सफर आता सुरू!" मग गाडी भाड्याने घ्या, विमा घ्या, ज्यादा बॅग घ्या. आणि हे सगळं ओलांडून तळाशी, करड्या रंगात, मुंगीच्या अक्षरात तो नंबर, ज्याच्यासाठी मेल पाठवायचा असतो.

तोही एक नसतो. भाऊजींच्या फोटोत वर ट्रॅव्हल साइटचा लांबलचक बुकिंग नंबर होता आणि खाली सहा अक्षर-आकड्यांचा पीएनआर, K7QX2M सारखा. विमान कंपनीच्या साइटवर वेब चेक-इन करायचं तर हा सहावालाच लागतो, सोबत आडनाव. लांबडा नंबर तिथे टाकला तर "असं बुकिंग सापडत नाही" एवढंच उत्तर येतं आणि माणसाचा जीव उडतो. तिसरा असतो ई-तिकिटाचा तेरा आकडी नंबर, प्रत्येक प्रवाशाचा वेगळा. मी कागदावर पीएनआर ठळक केला आणि साइटचा नंबर बारीक अक्षरात खाली ठेवला, कारण तिकीट बदलायचं तर साइटवाल्यांशीच बोलावं लागतं. भाऊजींचा त्यावर आक्षेप: "मोठा नंबर खाली का? जितके आकडे जास्त, तितकं बुकिंग पक्कं."

हे सगळं मी गिळलं. खरी लढाई तारखेवर झाली.

विमान सुटतं १४ तारखेला ००:२० वाजता. मी पहिली ओळ लिहिली: "१३, मंगळवार. रात्री ९ पर्यंत विमानतळावर."

फोन आला. "अगं, तारीख चुकली तुझी. विमान चौदाचं आहे."

"हो भाऊजी, पण मध्यरात्री वीस मिनिटांनी. म्हणजे तेराच्या रात्रीच निघायचं."

"तेराला का? तिकिटावर चौदा छापलंय."

"चौदा तारीख सुरू होऊन वीसच मिनिटं झालेली असतील."

"बरोबर. मग चौदाला रात्री निघू."

"चौदाला रात्री विमान जाऊन वीस-बावीस तास झालेले असतील, भाऊजी."

मोठी शांतता. मला वाटलं, पटलं. मग अत्यंत समजूतदार आवाजात, लहान मुलाला गणित शिकवावं तसं ते म्हणाले, "हे बघ, बारानंतरचे वीस मिनिटं म्हणजे रात्रच ना? आणि तिकिटावर चौदा आहे. म्हणजे चौदाची रात्र. मी बँकेत नोकरी केलीय, तारखांमध्ये मला कुणी शिकवू नये."

बँक रात्री बारा वाजता उघडी नसते हे मी बोलले नाही. बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी दुबईवर गेले. दुबईला उतरायची वेळ ०२:१०, असं कागदावर होतं. "पावणेदोन तासांत दुबई? वा!" भाऊजी खूश. सगळ्या वेळा त्या-त्या गावच्या असतात, दुबईचं घड्याळ आपल्यामागे दीड तास, म्हणजे विमानात तीन तास वीस मिनिटं, हे मी सांगितलं. "मग तिकिटावर खोटं कशाला लिहितात?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुबईतला मुक्काम मात्र साध्या वजाबाकीने निघतो, कारण दोन्ही वेळा तिथल्याच: ०२:१० ते ०८:४५, साडेसहा तासांहून थोडे जास्त. ते त्यांनी लगेच मान्य केलं, कारण त्यात ड्यूटी-फ्री होतं.

आता, भाऊजींच्या या तत्त्वज्ञानाचा पुरावा त्यांनीच तयार करून ठेवला होता. माझ्या कागदावर प्रत्येक दिवसाच्या शेवटी एक रकाना असतो: "रात्री झोपायचं कुठे". दिसायला बावळट, पण त्याच्यासाठीच सगळा खटाटोप. तेराच्या पुढे लिहिलं, विमान. व्हिएन्नाला उतरतो चौदाच्या दुपारी पाऊणला, तेव्हा चौदाच्या पुढे लिहायला गेले, हॉटेलचं नाव. हॉटेलचं बुकिंग १५ ते १७.

म्हणजे चौदाला आम्ही सहकुटुंब, बॅगांसकट, व्हिएन्नाच्या फूटपाथवर. भाऊजींनी "चौदाच्या रात्री" निघून पंधराला पोहोचायचं ठरवून हॉटेल काढलं होतं. सुटी-सुटी बघितली तर दोन्ही बुकिंग्ज निर्दोष! तिकीट बरोबर, हॉटेल बरोबर, मधली रात्र गायब. यात विमानवाल्यांचा आणि हॉटेलवाल्यांचा उफराटा न्यायही आहे. मध्यरात्रीनंतरचं विमान पुढच्या तारखेचं. पण मध्यरात्रीनंतर, पहाटे दोनला हॉटेलात पोहोचलात तर खोली आदल्या तारखेपासून घेतलेली लागते. एकाच रात्रीच्या दोन तारखा, आणि जाब विचारायचा मला.

मी हॉटेलला मेल केला. चौदाची रात्र मिळाली, पण वेगळं बुकिंग म्हणून, वेगळ्या कन्फर्मेशन नंबरवर. तेव्हा कागदावर दोन्ही नंबर एकाखाली एक लिहिले आणि तंबी दिली: "काउंटरवर दोन्ही एकदम दाखवा, तीच खोली तिन्ही रात्री द्या म्हणा." नाही सांगितलं तर पंधराला सकाळी अकराला खोली रिकामी करा म्हणतील आणि तीनपर्यंत लॉबीत बसवतील. ग्रुपवर कागद टाकला. त्यावर भाऊजींचं ते सुप्रसिद्ध वाक्य आलं. वर पुरवणी: "आधी एकच नंबर होता, हिने दोन केले."

आभार राहू देत, निदान वाचा तरी! नाही. रेल्वेची ओळ अजून कुणी वाचलेलीच नाही. सतरा तारखेला व्हिएन्ना हाउप्टबानहोफवरून सकाळची गाडी, सुमारे दोन तास चाळीस मिनिटं, उतरायचं बुडापेस्ट-केलेटीला. केलेटी मी ठळक केलंय, कारण त्याआधी बुडापेस्ट-केलेनफॉल्ड नावाचं स्टेशन लागतं. पाटीवर बुडापेस्ट वाचून माणसं बॅगा ओढत तिथेच उतरतात. ते डॅन्यूबच्या अलीकडे, आमचं हॉटेल पलीकडे.

आज सकाळी ताईचा फोन होता. भाऊजींनी नकाशा बघून ठरवलंय की केलेनफॉल्डलाच उतरायचं, गर्दीच्या आधी. माझ्या कागदावर त्यांनी पेनाने तसा बदलही करून टाकलाय, आणि तोच फोटो काढून ग्रुपवर पाठवलाय, "अंतिम" असं नाव देऊन.