डोळा लाल झाला की थेंब घालून बरा होतो, हे आमवातात नेहमीच खरे नाही

"आमवात असलेल्यांचा डोळा अधूनमधून लाल होतोच. थेंब घाला, आठवड्यात आपोआप जातो."

असे म्हटले जाते, पण हे एपिस्क्लेरायटिसला लागू पडते. त्यात सूज डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ थरात असते, डोळा लालभडक दिसतो, थोडा चुरचुरतो, पण नजर शाबूत राहते. स्क्लेरायटिसमध्ये मात्र डोळ्याचे पांढरे कवचच सुजते.

समजा, बऱ्याच वर्षांचा आमवात असलेल्या बाईंना पहाटे डोळ्यातल्या ठणक्याने जाग येते. आत गिरमिट फिरवल्यासारखी ती कळ भुवई, कानशील, जबड्यापर्यंत जाते. डोळा हलवला तरी दुखतो, बोट लागू देववत नाही. उजेडात पाहिले तर लालीत जांभळट झाक. डॉक्टर फिनाइलेफ्रिनचा थेंब घालून थोडा वेळ थांबतात: वरवरच्या रक्तवाहिन्या फिक्या पडतात, खोलवरची लाली तशीच राहते. स्क्लेरायटिसचे निदान बहुतांशी इथेच स्पष्ट होते.

इथे नुसते थेंब पुरत नाहीत. पोटातून सूजविरोधी गोळ्या, तेवढ्याने भागले नाही तर स्टिरॉइड, आणि पुष्कळदा प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे लागतात. म्हणून संधिवाततज्ज्ञही हवेत. उपचार टाळले तर कवच पातळ होते, बुबुळाची कड झिजते, डोळ्यातला दाब वाढतो, नजर कायमची जाऊ शकते.

एक अपवाद फसवा आहे. जुन्या आमवातात कधीकधी कवच न दुखता, फारसे लाल न होताच विरघळत जाते आणि पांढऱ्या भागावर निळसर-करडा डाग दिसू लागतो. असा डाग दिसला तर दुखण्याची वाट न पाहता लगेच नेत्रतज्ज्ञांना दाखवा.