कल्टारबद्दल दादा बरोबर बोलले, त्यात माझी एक पुरवणी

दादा, कल्टार या मोहोर लवकर आणणाऱ्या औषधाने कोकणातल्या हापूसच्या बागा खलास केल्या, ते बंदच करा, हे तुम्ही पोस्टमध्ये लिहिलंत ते बरं केलंत. बागायतदार हे एकमेकांत बोलतात, चारचौघांत कोणी काढत नाही. रत्नागिरीपासून देवगडपर्यंत अशी कलमं कुठेही दिसतील: पालवी बोटभर, पानं एकाच जागी गुच्छासारखी दाटलेली, मोहोर आखूड आणि घट्ट, शेंडे वाळत चाललेले. दहा-बारा वर्षं भरभरून दिलेलं झाड असं आखडून बसलं की बघवत नाही. तुमचा राग माझाही आहे.

फक्त ‘बंदच करा’ म्हणण्याआधी औषध नेमकं किती आणि कोण घालतो, हेही बोलूया.

हापूस मुळात एक वर्षाआड धरणारा. कल्टारमधलं पॅक्लोब्युट्राझोल झाडातलं जिबरेलिन तयार होऊ देत नाही, म्हणून पालवीचा जोर कमी होतो आणि मोहोर लवकर नि दरवर्षी येतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने याची शिफारस केली ती मोजून: झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला तीन मिली, १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान, दहा वर्षांवरच्या सशक्त झाडालाच.

एक कलम घेऊ. त्याचा विस्तार पूर्व-पश्चिम १० मीटर, दक्षिणोत्तर ८. सरासरी ९ मीटर, म्हणजे औषध २७ मिली. ते तीन ते सहा लिटर पाण्यात मिसळायचं. बुंधा आणि फांद्यांची टोकं यांच्या निम्म्यावर, म्हणजे इथे बुंध्यापासून साधारण सव्वादोन मीटरवर, गोल फिरत पहारीने २५-३० भोकं पाडायची. प्रत्येक भोक १०-१२ सेंटीमीटर खोल. त्यांत हे पाणी सारखं वाटून ओतायचं आणि भोकं बुजवायची. आधी खालचं गवत काढलेलं हवं, जमीन ओली हवी, पण पाऊस कोसळत असताना नाही, नाहीतर सगळं वाहून जातं.

आता औषध घालणारा व्यासाऐवजी घेर मोजू लागला तर? घेर २८ मीटरच्या वर भरतो आणि औषध ८५ मिलीवर जातं. तिप्पट! अडाणीपणाने होणारी चूक एवढी सोपी आहे. आणि मुद्दाम होणारी त्याहून सोपी: ‘दोन झाकणं जास्त घाल, आंबा लवकर येईल.’ वाशीच्या बाजारात फेब्रुवारी-मार्चच्या पेटीला जो भाव मिळतो तो मे महिन्यात मिळत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

दादा, माझं खरं म्हणणं इथे आहे. मालक मुंबईत, बाग वर्षाच्या कराराने दिलेली. करारवाल्याने पैसे आगाऊ मोजलेले. ते याच हंगामात वसूल व्हायला हवेत, पुढच्या वर्षी तो दुसऱ्याच बागेत असेल. त्याला मी लबाड म्हणत नाही, अवकाळी पावसाने आणि थ्रिप्स किडीने तोही बुडतो. पण झाडाची पुढची वर्षं त्याच्या हिशेबात नाहीत, आणि आपण करार करताना ती घालतही नाही. खत कोण घालणार हेही बऱ्याचदा तोंडीच ठरतं. औषध घेऊन दरवर्षी फळ काढायचं आणि शेणखताला हात आखडता, मग झाड टिकणार कसं?

शिवाय हे औषध जमिनीत बराच काळ राहतं. म्हणून गेल्या वर्षी घातलेल्या झाडाला यंदा पालवी नीट आली नसेल, तर ते झाड सोडायचं. सरसकट सगळ्या बागेला एकाच मापाने ओतणं हीच खोड आहे. (बुंध्यालाच ओतून मोकळे होणारेही आहेत. भोकं पाडायची मजुरी वाचते ना!)

तुम्ही म्हणता तशी बंदी आली तर ज्याच्याकडे वीस-पंचवीस कलमं आहेत आणि वर्ष त्यांवरच चालतं, त्याच्या घरी एक वर्ष सुकं जाईल. त्याने मापात वापरलं तर मला आक्षेप नाही. आक्षेप आहे तो दुसऱ्याच्या झाडावर आपला जुगार खेळण्याला.

म्हणून तुमच्या पोस्टला माझी जोड एवढीच: बाग कराराने देताना कल्टार करारवाल्याच्या हाती देऊ नका. मालकाने स्वतः किंवा आपल्या माणसाने जुलैत झाडागणिक विस्तार मोजून वही करावी, औषध आपण घालावं आणि त्याचा खर्च कराराच्या रकमेत धरावा. करारपत्रात एक ओळ हवी की परवानगीशिवाय झाडाला कोणतंही वाढरोधक घालायचं नाही, आणि शेणखताची जबाबदारी कोणाची तेही लिहावं. तुमच्याकडे जुनं करारपत्र असेल तर त्यात ही ओळ कुठे बसते ते सांगा, मी माझ्या यंदाच्या करारात घालणार आहे.